स्वतःचेच भाग विकत घेणारी कंपनी

कंपनीने आपलेच भाग विकत घ्यावेत, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. हिंदुस्थानात 1956 च्या कायद्याने तिला मनाई होती. 1999 च्या दुरुस्तीने मुभा मिळाली.

समजा, एका कंपनीचे भांडवल दहा लक्ष रुपये, दर भाग दहा रुपयांचा, आणि सर्वसाधारण गंगाजळी आठ लक्ष आहे. तिने दहा हजार भाग पंचवीस रुपये दराने परत घेतले. प्रथम भागभांडवल खाते एक लक्ष व अधिमूल्य खाते दीड लक्ष नावे टाकून भागधारक खाते अडीच लक्ष जमा करावयाचे. पैसे देताच भागधारक खाते नावे, बँक खाते जमा. मग दीड लक्षांचे अधिमूल्य गंगाजळीवर पडते.

येथे कारकून वही मिटतो, आणि येथेच चुकतो! गंगाजळीतून आणखी एक लक्ष काढून ते 'भांडवल विमोचन निधी' खाती जमा करावे लागतात. ही नोंद राहिली तरी ताळेबंद जुळतो. म्हणून चूक लपते. ओळखावयाची खूण एकच: भांडवल नऊ लक्ष झाले, तर निधी एक लक्ष दिसलाच पाहिजे. धनकोंचा आधार असलेले दहा लक्ष त्यामुळे लाभांशरूपाने वाटता येत नाहीत. या निधीतून फक्त बक्षीसभाग देता येतात.