पदकाखालच्या चार ओळी



सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली, की त्या दिवशी फोनवर पदकांची रांग लागते. दातांत पदक धरलेला फोटो आणि खाली मजकूर. फोटो बहुधा चांगलेच असतात, घोटाळा होतो तो खालच्या चार ओळींत. एरवी साधा-सरळ असणारा माणूस, पण पदक गळ्यात पडलं की त्याच्या अंगात एक तर कीर्तनकार संचारतो, नाहीतर पैलवान.

आमच्या ओळखीच्या एक बाई बँकेत नोकरी करतात, पन्नाशीला आल्या आहेत. साताऱ्याला त्या पहिल्यांदाच 21 किलोमीटर धावल्या आणि फोटोखाली टाकायचा मजकूर त्यांनी आधी मला दाखवला. तो असा होता: ‘वय हा फक्त आकडा आहे. 21 किलोमीटर, 2 तास 52 मिनिटं. मी करू शकते तर तुम्हीही करू शकता. कारणं सांगणं सोडा, उद्यापासून धावायला लागा.’

शेवटची दोन वाक्यं मी आधी खोडली. हा मजकूर वाचणाऱ्यांत त्यांच्या थोरल्या जाऊबाईही असणार होत्या. त्यांचे गुडघे गेलेत. त्यांची कारणं ही सबब नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेली आहेत. ‘मी करू शकते तर तुम्हीही’ हे बोलणाऱ्याला प्रेमाचं वाटतं, ऐकणाऱ्याला मात्र जाब विचारल्यासारखं. वयाचं वाक्य हजारोंनी लिहून झालंय, त्यात या बाई कुठेच नाहीत. तेही गेलं.

उरली वेळ. ती लपवा असं मी म्हणणार नाही, कमावलेली आहे. पण नुसत्या 2 तास 52 मिनिटांवरून वाचणाऱ्याला काय कळणार? साताऱ्याच्या शर्यतीत शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि वळून त्याच वाटेने खाली यायचं. मुंबई-पुण्याच्या सपाट रस्त्यावरच्या वेळेशी तिची तुलनाच होत नाही. त्यात वेळा दोन असतात. एक शर्यत सुटली तेव्हापासूनची, दुसरी तुमच्या नंबरावरची चिप सुरुवातीची रेषा ओलांडते तेव्हापासूनची. गर्दीत मागे उभ्या असलेल्याच्या या दोन वेळांत काही मिनिटांचा फरक सहज पडतो. नुसता आकडा दिसला, की धावणारे मनातल्या मनात वजाबाकी करायला लागतात आणि न धावणारे पुढे सरकतात. वेळ लिहायचीच तर घाटासकट लिहावी. आणि ‘फक्त 21 हं, तेही अगदी हळू’ असला विनय तर नकोच. त्यांच्यामागून अर्ध्या तासाने पोहोचलेला माणूसही तो वाचत असतो.

मग मी त्यांना विचारलं, तुम्हाला आठवतंय काय? त्या म्हणाल्या, “अहो, मला वाटलं, चढ संपला म्हणजे सुटलो. मांड्यांनी दगा दिला तो उतारावर.” हे अगदी खरं आहे. उतरताना दर पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो. श्वास लागत नाही, म्हणून उतार सोपा वाटतो. त्याचं बिल येतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना. बाई तेव्हा कठडा धरून उतरत होत्या. मी म्हटलं, हेच लिहा की.

शेवटी मजकूर ठरला तो असा: ‘यवतेश्वरचा घाट, माझी पहिली हाफ मॅरेथॉन. चढ थोडा धावत, थोडा चालत. उतार सोपा असेल असं वाटलं होतं. आज घरचा जिना कठडा धरून उतरते आहे. पहाटे माझ्यामागे दार लावायला उठणाऱ्या सासूबाईंना पदक दाखवलं, तर म्हणाल्या, पितळेचं आहे का गं?’

घाटाचं नाव मुद्दाम पहिल्या ओळीत घेतलं. इन्स्टाग्रामवर मजकुराच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. तिथे आकडा किंवा ‘स्वप्न पूर्ण झालं’ असलं काही असतं, तर किती जणांनी पुढे उघडून पाहिलं असतं, शंकाच आहे. चालल्याचा उल्लेख ठेवावा की नाही, यावर मात्र आमची थोडी वादावादी झाली. त्यांना लाज वाटत होती. मी हटून बसलो, कारण घाटात चालणारे पुष्कळ असतात आणि फोटोखाली तसं लिहिणारे फार थोडे.

मजकूर टाकल्यावर पहिलं उत्तर आलं ते थोरल्या जाऊबाईंचं: ‘मी तर न धावताच कठडा धरते!’ सासूबाईंच्या प्रश्नावर बरीच चर्चा झाली. वेळ विचारणारा एकच निघाला, तोही त्यांच्याबरोबर सराव करणारा. त्याला त्यांनी चिपवरची वेळ वेगळी कळवून टाकली.