शेवटचा महिना आणि प्रश्नसंच

(दहावीच्या परीक्षेआधी आमच्या गणिताच्या सरांनी भोरला वर्गात केलेलं भाषण. माझ्या वहीतल्या टिपणांवरून.)

मुलांनो, पोटात गोळा आलाय, दिसतंय मला. महिना उरलाय आणि प्रत्येकाच्या हातात ‘अपेक्षित’ आहे. त्यातल्या किती प्रश्नपत्रिका सोडवल्या ते मला सांगू नका. कुठे चुकलात ते सांगा.

एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, उत्तरं न बघता सोडवा. वेल्ह्याकडून एसटीने येणाऱ्यांना रोज सलग वेळ मिळत नसेल, तर रविवारी सोडवा. दुसऱ्या दिवशी तपासा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : येतच नव्हतं, येत असून चुकलं, की वेळ पुरला नाही?

परवाचंच गणित बघा.

2x² − 7x + 3 = 0

इथे b = −7, म्हणून −b = 7. उत्तरं 3 आणि 1/2. पण बऱ्याच जणांनी −b = −7 धरलं आणि −3, −1/2 काढून मोकळे झाले. −3 समीकरणात घालून पाहिलं असतं, तर 18 + 21 + 3 = 42 आलं असतं, शून्य नाही. अशा चुकीवर धडा पुन्हा वाचून उपयोग नाही, ताळा करायची सवय लावा. येतच नसेल, तर मात्र पुस्तक उघडा. वेळ पुरत नसेल, तर येणारे प्रश्न आधी घ्या.

चुकलेली गणितं चार दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा करा. मात्र त्याच प्रश्नपत्रिकेत गुण वाढले म्हणून हुरळू नका. उत्तर पाठ झालेलं असतं. म्हणून दोन प्रश्नपत्रिका आजच बाजूला काढा आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडू नका. तयारी किती झाली, ते त्या सांगतील.