‘उकळा’ लिहिलं आणि गुण गेले

मी इंदूरला हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना कुकरी थिअरी शिकवतो. पण पहिल्या वर्षी या विषयाच्या लेखी परीक्षेत मी स्वतः नापास झालो होतो. प्रॅक्टिकलला उत्तम गुण, आणि लेखी पेपरात दांडी गुल! शिक्षकांनी माझ्या उत्तरातल्या एका शब्दाखाली रेघ मारली होती. तो शब्द होता ‘बॉइल’.

प्रश्न होता व्हाइट स्टॉक कसा करतात. मी लिहिलं, हाडं पाण्यात टाकून चार तास बॉइल करा. मराठीत विचार केला होता ना! आपल्या घरी चहा उकळतो, आमटी उकळते, पायाचं सूपही उकळतं. स्टॉक मात्र कधीच खळखळ उकळायचा नसतो, तो सिमर करायचा असतो. म्हणजे पाणी उकळीच्या जरा खाली ठेवायचं, तळातून एखाद-दुसरा बुडबुडा सावकाश वर यावा इतकंच.

का, तर हाडांमधली काही प्रथिनं थंड पाण्यात विरघळतात. पाणी हळूहळू तापलं की ती गोठतात आणि फेस होऊन वर येतात, तो आपण झाऱ्याने काढून टाकतो. डाळ शिजताना आई काढायची तसाच. सुरुवातच गरम पाण्याने केली तर ही प्रथिनं बारीक कणांच्या रूपात पाण्यात पसरून राहतात. वर खळखळ उकळी आली की चरबीसुद्धा पाण्यात घुसळली जाते. मग स्टॉक गढूळ होतो आणि चवीलाही तेलकट लागतो. ‘थंड पाण्याने सुरुवात का’ आणि ‘बॉइल का नाही’ हे पेपरात दोन वेगळे प्रश्न म्हणून येतात, पण दोन्हीचं उत्तर या फेसात आहे.

‘बारीक चिरा’ची तीच गत. घरी त्याने भागतं, परीक्षेत माप लागतं. तीन मिलिमीटर जाडीच्या काड्या म्हणजे ज्युलियन, त्याच काड्या आडव्या कापून झालेले छोटे चौकोन म्हणजे ब्रुन्वाज. पुस्तकागणिक एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, तेव्हा तुमच्या अभ्यासक्रमातल्या पुस्तकाचंच माप लिहा. आकृती काढलीत तर बाजूला माप टाका. पाठ करण्यापेक्षा कोणत्या कटमधून कोणता निघतो हे लक्षात ठेवणं मला तरी सोपं गेलं.

आता दोन्ही गोष्टी एकत्र आणणारा एक प्रश्न सोडवू. मी तो दरवर्षी देतो. चार लिटर पाण्यात फिश स्टॉक करायचा आहे. भाजी किती घ्याल, कशी कापाल, आणि त्यातून कोणता मदर सॉस होईल?

नेहमीचं प्रमाण असं, की पाण्याच्या वजनाच्या निम्मी हाडं आणि एक दशांश मिरप्वा, म्हणजे स्टॉकमध्ये घालायची कापलेली भाजी. चार लिटरला दोन किलो माशाचे काटे आणि चारशे ग्रॅम भाजी. त्यात दोनशे ग्रॅम कांदा, शंभर सेलरी, शंभर लीक. गाजर नको, कारण स्टॉक पांढरा हवा.

कापायची कशी? इथे निम्मा वर्ग चुकतो. मुलं लिहितात, मोठे तुकडे. मोठे तुकडे बीफच्या हाडांच्या स्टॉकला ठीक, तो सहा-आठ तास चालतो. त्यात पातळ काप टाकले तर त्यांचा लगदा होईल. माशाचा स्टॉक वीस ते तीस मिनिटांत उतरवायचा असतो, जास्त ठेवला तर कडवट होतो. एवढ्या वेळात कांद्याच्या मोठ्या फोडी आतून कच्च्याच राहतील, चव पाण्यात उतरणार नाही. म्हणून पातळ काप. म्हणजे कापाचा आकार वेळ ठरवते. एवढं कारण लिहिलंत की परीक्षकाला कळतं, या मुलाने पातेल्यात डोकावून पाहिलंय.

मीठ घालू का, असं एकजण हमखास विचारतो. नाही. स्टॉक पुढे आटवायचा असतो, पाणी कमी झालं की मीठ तेवढंच राहतं, आणि सॉस खारट होतो.

राहिला सॉस. बरेचजण बेशामेल लिहितात, कारण तोही पांढरा. पण बेशामेल दुधाचा. पांढरा स्टॉक आणि लोणी-मैद्याचा हलका परतलेला रू, यातून होतो वेलुते. माशाचा स्टॉक असेल तर फिश वेलुते लिहा, नुसतं वेलुते नको. आणि मदर सॉस किती, असं विचारलं तर पाच: बेशामेल, वेलुते, एस्पान्योल, टोमॅटो, हॉलंडेज. आपल्याकडच्या काही पुस्तकांत मेयोनेज धरून सहा आहेत. तसं पुस्तक तुमच्याकडे असेल तर सहा लिहा, पण सहावा कोणता ते नावानिशी सांगा. नुसता आकडा बदललेला पाहून माझ्यासारखा परीक्षक लाल पेन उचलतो.