पोटगी म्हणजे कोणती?

मैत्रिणींनो, कोर्टाचे इंग्रजी कागद मराठीत सांगताना प्रत्येकीचा शब्द वेगळा पडतो, म्हणून मी शब्दयादी करते आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 घ्या. इंग्रजी आणि मराठी मजकूर आधी कलमाच्या आकड्यावर जुळवायचा, मग वाक्यासमोर वाक्य ठेवायचे. इंग्रजीतल्या एका लांबलचक वाक्याची मराठीत दोन झाली असतील, तर ती दोन्ही त्या एकासमोर. मधले एखादे वाक्य गळले की पुढच्या सगळ्या जोड्या एकेक घर सरकतात. डावीकडची वर्षे, रकमा, कलमांक उजवीकडे सापडेनासे झाले की हे ओळखावे.

आता कलम 25 पाहा. त्याच्या इंग्रजी मथळ्यात ‘ॲलिमनी’ आणि ‘मेन्टेनन्स’ दोन्ही आहेत; आपण दोहोंनाही पोटगीच म्हणतो! शिवाय कलम 24 मधला ‘मेन्टेनन्स’ दावा चालू असेपर्यंतचा. म्हणून नुसत्या शब्दासमोर शब्द लिहून भागत नाही, कलमांक आणि पूर्ण वाक्यही नोंदवावे लागते. तीन निरनिराळ्या कागदांत तीच जोडी दिसल्याशिवाय मी शब्द पक्का करत नाही. ‘पोटगी’ मात्र यादीतून काढणार नाही. दारात आलेल्या बाईला तोच शब्द कळतो. त्यापुढे कोणत्या कलमाची, एवढे लिहीन.