तक्रारीची पोच : निकाल नको, तारखा हव्यात

(द्वारका, दिल्ली येथील मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



टपालातल्या साथींना पोचपावती म्हणजे काय हे मी सांगायला नको. पत्र पोहोचले, अमुक तारखेला, अमक्याच्या हातात, एवढेच ती सांगते. आतला मजकूर खरा की खोटा हे ती सांगत नाही. एखाद्या भगिनीने लैंगिक छळाची तक्रार दिली की कार्मिक विभागाकडून, ज्याला आता एच. आर. म्हणतात, जे पहिले पत्र तिला जाते, तेही असेच असायला हवे.

मागे एका कार्यालयाचे असे पत्र माझ्या हाती आले होते. त्यात लिहिले होते : "आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेतली असून दोषींवर कठोर कारवाई करण्यात येईल." वाचून त्या बाईंना धीर आला. पण दोषी कोण, हे चौकशीआधी कोणी ठरवले? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो हेच पत्र पुढे करून म्हणणार की प्रशासनाचे मन आधीच कलुषित होते. तोही कदाचित आपलाच सभासद असेल आणि त्याचा तो मुद्दा खोटा म्हणता येणार नाही. शिवाय एवढ्या कठोर पत्रात पुढची एकही तारीख नव्हती. गोड बोलून वेळ काढायची ही आपल्या ओळखीची रीत.

२०१३ च्या कायद्यात तारखा आहेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणून पोचेवर तक्रार मिळाल्याची तारीख हवीच, पोच लिहिल्याची नव्हे. समजा, सोमवारी तक्रार दिली आणि कार्यालय पाच दिवसांच्या आठवड्याचे आहे. नियमाप्रमाणे समितीने सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला पाठवायची, म्हणजे मध्ये सुट्टी नसेल तर पुढच्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत. ती मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत त्याने उत्तर द्यायचे, म्हणजे आणखी दोन आठवड्यांनी येणारा बुधवार. चौकशी ९० दिवसांत पुरी, मग दहा दिवसांत अहवाल, आणि अहवालावर ६० दिवसांत प्रशासनाची कृती. ही सगळी वाट पोचेत लिहिली की बाईंना रोज साहेबाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

मग पोच कशी असावी? माझ्या मते अशी : "आपली दिनांक अमुकची तक्रार दिनांक अमुक रोजी सहपत्रांसह मिळाली. ती अंतर्गत समितीकडे दिनांक अमुक रोजी सोपवली आहे. तक्रारीत नमूद केलेल्या घटनेबाबत या कार्यालयाने कोणतेही मत बनवलेले नाही. समिती दोन्ही बाजू ऐकेल. चौकशी चालू असताना आपली वा समोरच्या व्यक्तीची बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा, यांसाठी आपण समितीकडे लेखी विनंती करू शकता. संपर्कासाठी समितीच्या अध्यक्षा अमुक." खाली मुदतींच्या तारखा. "तथाकथित घटना" असे लिहू नये. त्या एका शब्दाने बाई खोटी ठरते. "आपणावर झालेला अन्याय" असेही नको. "तक्रारीत नमूद केलेली घटना" यात दोघांनाही जागा आहे.

समोरचा माणूसच तिचा गोपनीय अहवाल लिहिणारा असेल, तर ते काम दुसऱ्याकडे द्यावे अशी विनंतीही तिला करता येते. पोचेत ही ओळ बहुधा गाळली जाते. आपण ती मागून घ्यावी.

समितीच्या अहवालाला इतके वजन आले ते सहज नव्हे. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतले. त्याच प्रकरणात २००४ साली आदेश झाला की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानावा. १९ ऑक्टोबर २०१२ च्या निकालाने त्या दिशेने नियम दुरुस्त करण्याची सरकारांना ताकीद दिली. त्याआधी बाईंना समितीपुढे एकदा आणि खात्यापुढे पुन्हा एकदा तेच सारे सांगावे लागे.

आता गुप्ततेचे. तक्रारदाराचे नाव बाहेर फोडायला कायद्याची बंदी आहे, आणि ते फुटते कुठे? जावक नोंदवहीच्या विषयाच्या रकान्यात! तिथे फक्त "गोपनीय" लिहावे. इथे द्वारकेत आपण सोसायट्यांत राहतो. घरी आलेला लिफाफा आधी फाटकावरच्या चौकीदाराच्या हाती पडतो, मग शेजाऱ्यांच्या. तेव्हा पोच बंद लिफाफ्यात, समितीच्या सदस्येने बाईंच्या हाती द्यावी आणि सही घ्यावी. पत्र हिंदी-इंग्रजीत असेल आणि बाईंना ते नीट उमगत नसेल, तर मजकूर मराठीत समजावून सांगणारे विश्वासाचे माणूस युनियनने द्यावे. पण समितीपुढे वकील नेता येत नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे.

आणि पोच आलीच नाही तर? तक्रार देतानाच आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात. सातवी, शिक्क्याची, घरी ठेवा. सात कामाचे दिवस उलटले की त्या शिक्क्याचा हवाला देऊन, प्रत समोरच्याला गेली की नाही, एवढेच अध्यक्षांना लेखी विचारा.