घासण्याआधीचा वर्णपट

आज एका छोट्या प्रश्नाभोवतीच बोलायचे ठरवले आहे. एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागावरचे अणू कोणत्या रासायनिक अवस्थेत आहेत हे एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे प्रयोगशाळांत ज्याला सर्रास एक्सपीएस म्हणतात त्या तंत्राने, कळते. मापनाआधी नमुना आर्गॉनच्या आयनांनी घासून घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. हवेतून येऊन बसलेला कार्बनचा थर निघावा, हा तिचा हेतू. माझे म्हणणे असे की, ज्याला रासायनिक अवस्था वाचायची आहे त्याच्या दृष्टीने ही सफाई नव्हे. ती एक रासायनिक प्रक्रियाच आहे, आणि ज्या खोलीपर्यंत आपण पाहणार आहोत नेमक्या त्याच खोलीत ती घडते. हे मी टायटॅनियम डायऑक्साइडच्या उदाहरणावरून मांडणार आहे. रंगापासून सौरघटापर्यंत सगळीकडे वापरला जाणारा हा पदार्थ या बाबतीत फार बोलका आहे.

आधी यंत्र काय मोजते ते पाहू. नमुन्यावर ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण पडतात. ॲल्युमिनियमचा स्रोत असेल तर ही ऊर्जा १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन ती घेऊन बाहेर पडतो, आणि तो किती गतिज ऊर्जा घेऊन आला हे यंत्र मोजते. दिलेल्या ऊर्जेतून आलेली वजा केली की तो इलेक्ट्रॉन अणूला किती घट्ट बांधलेला होता, म्हणजे त्याची बंधनऊर्जा, हाती येते. ती मूलद्रव्यागणिक वेगळी असते, हे तर झालेच. पण स्वीडनमधल्या उप्साला येथे काई सीगबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेली खरी मौज पुढची आहे. एकाच मूलद्रव्याची बंधनऊर्जा शेजारी कोण आहे त्यानुसार थोडी सरकते. सोडियम थायोसल्फेटमध्ये गंधकाचे दोन अणू वेगवेगळ्या परिस्थितीत असतात, आणि वर्णपटात गंधकाची दोन वेगळी शिखरे दिसतात. या कामासाठी सीगबान यांना १९८१ साली नोबेल मिळाले. टायटॅनियमचे मुख्य शिखर शुद्ध धातूत ४५४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येते. चारही संयुजा ऑक्सिजनला दिलेल्या टायटॅनियमचे, म्हणजे डायऑक्साइडमधल्याचे, ४५८.७ च्या आसपास. त्रिसंयुजी टायटॅनियम या दोहोंच्या मध्ये, ४५७ च्या जवळ बसते. म्हणजे डाव्या-उजव्या सरकण्यातून अणूचा रासायनिक इतिहास वाचता येतो.

आता खोलीकडे वळू, कारण सगळे प्रकरण तिथेच आहे. क्ष-किरण नमुन्यात खूप आत शिरतात, पण बाहेर येणारा इलेक्ट्रॉन वाटेत ऊर्जा गमावतो. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये तो ऊर्जा न गमावता सरासरी दोन नॅनोमीटरच्या आसपास अंतर कापतो. त्यामुळे आपल्याला दिसणारा सुमारे ९५ टक्के संकेत वरच्या सहा नॅनोमीटरमधून येतो, आणि त्यातलाही मोठा वाटा अगदी वरच्या थरांचा. दुसरीकडे, तीन हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा आर्गॉन आयन अशा पदार्थात जेमतेम चार नॅनोमीटर जातो. पाचशेचा असेल तर साधारण दीड. हे दोन आकडे शेजारी ठेवले की, आयनाने जेवढ्या जाडीत धुमाकूळ घातला ती जाडी इलेक्ट्रॉनांच्या नजरेच्या टप्प्यातच येते हे उघड होते. बिघडलेला थर पातळ आहे, पण आपली नजरही तेवढीच उथळ आहे.

त्या थरात काय घडते? समजा, काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर फवारणीने बसवला आहे आणि तो हवेत चांगला भाजून घेतला आहे. आयन न लावता मोजले तर टायटॅनियमचे एकच जोडशिखर दिसते, त्याचा मुख्य भाग ४५८.७ ला, सडसडीत आणि उजव्या-डाव्या खांद्याविना. जोडीला ऑक्सिजनचे शिखर ५३० ला, आणि कार्बनचे २८५ च्या आसपास. आता तीन हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे आयन दोन-तीन मिनिटे सोडा. कार्बन जवळपास गेला, सगळे स्वच्छ दिसते. पण टायटॅनियमच्या शिखराला कमी ऊर्जेच्या बाजूला खांदा फुटला. ४५७ ला त्रिसंयुजी टायटॅनियम, त्याखाली द्विसंयुजीचीही खूण. ऑक्सिजन आणि टायटॅनियमचे प्रमाण दोनाच्या खाली उतरले. घाईने वाचणारा म्हणेल, वरचा मळ गेला आणि आतला खरा पदार्थ दिसला. या थरात ऑक्सिजनच्या उणिवा आहेत, असेही तो म्हणेल. पुढे त्याच उणिवांवर प्रकाश शोषण्याचा आणि उत्प्रेरणाचा सिद्धान्त उभा राहतो. वस्तुतः त्या उणिवा यंत्राच्या पोकळीत, मापनाच्या पाच मिनिटे आधी तयार झाल्या असण्याची शक्यता फार मोठी आहे. आयनाच्या धक्क्यांनी ऑक्सिजनचे अणू टायटॅनियमपेक्षा अधिक संख्येने उडून जातात. मागे राहिलेल्या टायटॅनियमला पुरेसे ऑक्सिजन शेजारी उरत नाहीत, आणि तो खालच्या संयुजेवर उतरतो.

ऑक्सिजन हलका म्हणून तो आधी उडतो, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते अर्धेच पटते. ॲल्युमिना आणि सिलिका यांतही ऑक्सिजन तितकाच हलका आहे, तरी तेच आयन त्यांना फारसे क्षपित करत नाहीत. उलट तांब्याच्या काळ्या ऑक्साइडवर आयन सोडले की त्याची ओळख पटवणारा, ९४० ते ९४५ च्या दरम्यान दिसणारा उपशिखरांचा पट्टा झपाट्याने विरतो आणि तांबे एकसंयुजी अवस्थेकडे झुकते. म्हणजे वजनाइतकाच, किंबहुना अधिक, प्रश्न रसायनशास्त्राचा आहे: धातूला खालच्या संयुजेची सोयीची जागा उपलब्ध आहे का, ऑक्साइड किती घट्ट आहे. टायटॅनियमला अशा पायऱ्या अनेक आहेत, ॲल्युमिनियमला नाहीत. नेमकी यंत्रणा कोणती यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. पण आपल्या प्रश्नासाठी एवढे पुरे की, ॲल्युमिनावर घासून काही बिघडले नाही, म्हणून टायटॅनियावरही बिघडणार नाही, हा तर्क चालत नाही.

यावर पहिला आणि सगळ्यांत रास्त आक्षेप असा: न घासता मोजले तर मळच मोजला जाणार नाही का? इथे थोडा हिशेब करू. हवेतल्या कार्बनचा थर एक नॅनोमीटर जाडीचा धरा. टायटॅनियमच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडी वर असते आणि अशा थरात ते सरासरी तीन नॅनोमीटर निर्धोक जातात. मग सरळ वर येणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के सुखरूप पोचतात. संकेत एक चतुर्थांशाहून थोडा अधिक कमी झाला, पण शिखराची जागा आणि आकार तसाच राहिला. मळ आवाज कमी करतो, शब्द बदलत नाही. मळात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ऑक्सिजनचे एकूण प्रमाण फुगते हे खरे. म्हणून न घासलेल्या नमुन्यावरून ऑक्सिजन-टायटॅनियमचे प्रमाण काढताना ऑक्सिजनच्या शिखराचा ५३० चाच भाग धरावा लागतो. संयुजेचा प्रश्न मात्र टायटॅनियमच्या शिखरातून सुटतो, आणि ते शिखर मळाखालूनही ठीक वाचता येते. थर पाच-सहा नॅनोमीटरचा, तेलकट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे संकेत फारच थोडा उरतो आणि काहीतरी काढावेच लागते. मग विद्रावकाने धुणे, ओझोन, किंवा पोकळीत हलके तापवणे यांचा विचार आधी व्हावा. अर्थात ओझोन ऑक्सिडीकरण करतो आणि पोकळीतले तापवणे क्षपण करू शकते, त्यामुळे तेही निरागस नाहीत.

दुसरा आक्षेप आयनांच्या ऊर्जेचा. ऊर्जा कमी ठेवली तर? बिघडलेल्या थराची जाडी घटते, हे मान्य. पण ऑक्सिजन अधिक उडण्याची प्रवृत्ती नाहीशी होत नाही; पाचशे इलेक्ट्रॉनव्होल्टवरही टायटॅनियाचे क्षपण दिसते. हजारो अणूंचे पुंजके सोडणारी नवी आर्गॉन-पुंज तोफ याबाबत खूपच सौम्य आहे, कारण ऊर्जा सगळ्या अणूंत वाटली जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. प्लास्टिक आणि सेंद्रिय थरांसाठी तिने मोठीच सोय केली. धातूंच्या ऑक्साइडांवर मात्र तिलाही निर्दोष मानणे धोक्याचे ठरते. काही परिस्थितींत तिनेही टायटॅनिया क्षपित होतो.

सफाईचा आणखी एक दुष्परिणाम लपून राहतो. बऱ्याच प्रयोगशाळा ऊर्जेची पट्टी त्याच हवेतल्या कार्बनच्या शिखराला २८४.८ ठरवून जुळवतात. ही पद्धत मुळातच वादग्रस्त आहे, ते असो. पण आयनांनी तो कार्बन काढून टाकला की पट्टीच गेली. जो थोडा कार्बन उरतो त्याचा काही भाग टायटॅनियमशी जोडला जाऊन २८२ च्या आसपासचा कार्बाइड बनू शकतो. त्यातच क्षपित थर अधिक वाहक होतो, त्यामुळे नमुन्यावर साचणारा विद्युतभारही आधीसारखा राहत नाही. म्हणजे शिखर सरकले ते रसायनामुळे की पट्टी हलल्यामुळे, हे सांगणे अवघड होते.

मग खरी उणीव आणि बनवलेली उणीव ओळखायची कशी? सगळ्यांत आधी आयन सोडण्यापूर्वीचा वर्णपट घ्यायचा. त्रिसंयुजीचा खांदा तिथेच असेल, तर चर्चेला आधार आहे. तो फक्त घासल्यानंतर उगवत असेल, तर एका रुटाइल स्फटिकावर, ज्याची रचना आधीपासून माहीत आहे, तेच आयन तितकाच वेळ सोडून पाहावे. तिथेही तोच खांदा आला की आपला निष्कर्ष गळून पडला. घासण्याचा वेळ वाढवत गेले तर बनवलेला खांदा आधी वाढतो आणि मग एका पातळीवर स्थिरावतो, आणि ही पातळी आयनांच्या ऊर्जेनुसार बदलू शकते. नमुन्याच्या स्वतःच्या उणिवांना आयनांची ऊर्जा माहीत असण्याचे कारण नाही. शिवाय दुसऱ्या साधनाचा साक्षीदार हवा. त्रिसंयुजी टायटॅनियमच्या सुट्या इलेक्ट्रॉनाचा संकेत इलेक्ट्रॉन चुंबकीय अनुस्पंदनात मिळू शकतो आणि तो घासण्यावर अवलंबून नसतो. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण वापरून अधिक खोलवर पाहणे हा सर्वांत सरळ मार्ग, कारण मग वरचा मळ आणि वरचा बिघाड दोन्ही संकेताचा लहान हिस्सा होतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर अशी सोय आहे, पण अशा यंत्राची रांग लांब असते, आणि रोजच्या कामात आपल्या हाती प्रयोगशाळेतलेच यंत्र राहते.

तिसरा आक्षेप थोडा बोचरा आहे: क्ष-किरणही काही पदार्थ बिघडवतात, मग आयनांनाच का दोष? काळा कॉपर ऑक्साइड पोकळीत क्ष-किरणांखाली हळूहळू क्षपित होतो, हे खरे. पण तो बदल सावकाश होतो, आणि लागोपाठ घेतलेल्या वर्णपटांत त्याची चाल दिसते. पहिल्याकडे मागे जाऊन शून्य वेळेचे उत्तर काढता येते. आयन मिनिटभरात काम उरकतात आणि मागे पुरावा ठेवत नाहीत, कारण मूळ थरच उडून गेलेला असतो.

याचा अर्थ आयन-तोफ फेकून द्या असा नाही. सोने, चांदी, तांबे यांच्या पत्र्यांवर यंत्राची ऊर्जापट्टी तपासताना पृष्ठभाग घासलाच पाहिजे. मूळ धातू घासला तर मोडायला संयुगच नसते. थरांच्या रचनेत कोणते मूलद्रव्य किती खोलवर गेले हे पाहायलाही घासणे उत्तम चालते, कारण तिथे प्रश्न अणू कोणता आणि कुठे एवढाच असतो. अडचण फक्त तेव्हा येते जेव्हा खोलीनुसार संयुजाही वाचायची असते. तिथे उत्तर अशुद्ध राहणार हे आधीच धरून चालावे. म्हणून माझी तुम्हांला एवढीच विनंती: पुढच्या वेळी कोणत्याही लेखात ऑक्साइडमधल्या त्रिसंयुजी टायटॅनियमचे शिखर दिसले, तर निष्कर्षाकडे जाण्याआधी प्रयोगाच्या तपशिलात आयनांची ऊर्जा आणि वेळ शोधा, आणि आयन सोडण्यापूर्वीचा वर्णपट छापला आहे का ते पाहा. तो नसेल, तर लेखकांकडे मागा.