एक चेंडू, दोन कॅमेरे



चौदा वर्षांचा, उजव्या हाताने खेळणारा एक मुलगा सरावाच्या जाळीत ड्राइव्ह मारतो आणि चेंडू पुन्हापुन्हा मिडऑनच्या हाती उंच जातो. ‘कोपर वर ठेव’ हा सल्ला त्याला सारेच देतात. तो कोपर वर ठेवतोही. चेंडू तरी उडतोच. अशा वेळी त्याचे चित्रण उपयोगी पडते, मात्र एका कॅमेऱ्याने भागत नाही.

एक कॅमेरा गोलंदाजाच्या मागे, दोन्ही टोकांच्या मधल्या यष्टींच्या सरळ रेषेत आणि साधारण कमरेच्या उंचीवर ठेवावा. दुसरा ऑफच्या बाजूला, फलंदाजाच्या छातीसमोर काटकोनात असावा. पहिला कॅमेरा हातभर जरी सरकला, तरी सरळ आलेली बॅट तिरकी भासते आणि नसलेला दोष दुरुस्त करण्यात महिना जातो. त्यामुळे दोन्ही जागी चुन्याची खूण करणे बरे. आरंभी बॅट जमिनीवर एकदा आपटावी. त्या आवाजावरून दोन्ही चित्रफिती नंतर जुळवता येतात.

मंदगतीचे गणित सोपे आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला २० मीटर जातो. नेहमीच्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रे टिपली जातात. म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये चेंडू सुमारे ६७ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. नेमका आघातच निसटतो. सेकंदाला २४० चित्रे घेतली, की हे अंतर ८ सेंटिमीटरवर येते. त्यासाठी भरपूर सूर्यप्रकाश हवा. बंदिस्त सभागृहात काही दिव्यांच्या उजेडात चित्र लुकलुकते आणि डोळ्यांना शीण होतो.

आता त्या मुलाची चित्रफीत पाहू. समोरच्या कॅमेऱ्यात आघाताच्या क्षणी बॅटचा चेहरा गोलंदाजाकडे न राहता मिडऑनकडे वळलेला दिसतो. चेंडू त्या दिशेला का जातो, हे यावरून कळले. वर का उडतो, हे मात्र कळले नाही. ते बाजूच्या कॅमेऱ्यात दिसते. चेंडूला बॅट लागते तेव्हा बॅटचे पाते हातांच्या पुढे निघून गेलेले असते, दांडा मागे कललेला असतो आणि बॅटचा चेहरा आभाळाकडे झुकलेला असतो. हात पात्याच्या पुढे असते, तर हाच चेंडू जमिनीलगत गेला असता.

यानंतर चित्रफीत उलटी, एकेक चित्र मागे नेत पाहावी. खालचा, म्हणजे उजवा हात डाव्याला ढकलून पुढे येताना दिसतो. आणखी मागे गेले, की फटक्याची सुरुवात, मग बॅटची उचल आणि अखेर स्थिर पवित्रा. मूळ तेथेच आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी ‘व्ही’सारखा कोन होतो. दोन्ही हातांचे हे कोन एका रेषेत, बॅटची बाहेरची कड आणि पाठीचा कणा यांच्या मधोमध असावेत. मुलाच्या उजव्या हाताचा कोन यष्टिरक्षकाकडे सरकलेला आहे आणि तळवा दांड्याच्या मागे गेला आहे. हातमोजे हे सारे झाकतात. म्हणून पवित्र्याचे पहिले चित्रण मोज्यांविना, चेंडू न टाकता करावे.

उपाय जुनाच आहे. बॅट जमिनीवर पालथी ठेवायची, दांडा आपल्याकडे, आणि कुऱ्हाड उचलावी तशी दोन्ही हातांनी उचलायची. कोन आपोआप जुळतात. मग उजव्या हाताचा केवळ अंगठा आणि तर्जनी दांड्यावर ठेवून, हाताने सोडलेल्या चेंडूवर ड्राइव्ह मारायचे. पहिल्या आठवड्यात खेळ बिघडल्यासारखा वाटतो, कारण चेंडू कव्हरकडे घसरू लागतो. पालकांनी तेव्हा धीर धरावा.

अर्थात प्रत्येक निराळी पकड म्हणजे दोष नव्हे. सचिन तेंडुलकर लहानपणी थोरल्या भावाची जड बॅट वापरत. ती पेलण्यासाठी दांडा खाली धरण्याची त्यांना सवय लागली. काही प्रशिक्षकांच्या सूचनेवरून त्यांनी पकड बदलून पाहिली. ती रुचली नाही आणि जुनीच कायम राहिली. सर डॉन ब्रॅडमन यांची पकडही पुस्तकी नव्हती. चेंडू हवा तेथे, हवा तसा जात असेल, तर कोन मोजत बसू नये. या मुलाचा तसा जात नव्हता.

तीन आठवड्यांनी त्याच खुणांवर कॅमेरे लावून पुन्हा चित्रण झाले. बाजूच्या चित्रात आघाताच्या वेळी दांडा पात्याच्या पुढे होता आणि समोरच्या चित्रात बॅटचा चेहरा गोलंदाजाकडे. पुलचा फटका मात्र पूर्वीइतका जोरकस राहिला नाही, कारण त्याचे बळ त्याच उजव्या तळव्यात होते. प्रशिक्षकांनी तो फटका त्या मोसमापुरता बाजूला ठेवायला सांगितले.